रात्रीची दहा मिलिग्रॅमची गोळी

मधुमेहाने पायांच्या नसा कमजोर झालेल्या माणसाला डॉक्टर कधीकधी रात्री एक बारीकशी गोळी देतात. घरी आल्यावर मुलगा मोबाइलवर नाव टाकून बघतो आणि घाबरतो, "आई, ही तर डिप्रेशनची गोळी आहे!" दुसऱ्या दिवसापासून गोळी बंद आणि पायांची आग सुरूच. ही गोळी म्हणजे अमिट्रिप्टिलीन. 1961 साली अमेरिकेत ती नैराश्यावरचं औषध म्हणूनच बाजारात आली. पण नैराश्यासाठी तिचा डोस साधारण 75 ते 150 मिलिग्रॅम लागतो, आणि नसांच्या दुखण्यासाठी सुरुवात 10 मिलिग्रॅमपासून होते. नैराश्य नसलेल्या माणसाचंही नसांचं दुखणं तिने कमी होतं. म्हणजे डॉक्टरांनी तुम्हाला मनोरुग्ण ठरवलेलं नसतं.

हे औषध शरीरात एकाच जागी काम करत नाही. एका किल्लीने घरातली चार-पाच कुलपं उघडावीत, तसं ते एकाच वेळी अनेक ठिकाणी लागू पडतं. मेंदूकडून मज्जारज्जूत खाली येणारे काही तंतू वेदनेचे संदेश दाबून ठेवतात. नॉरअॅड्रेनलिन आणि सेरोटोनिन ही त्यांची रसायनं हे औषध जास्त वेळ टिकवतं, त्यामुळे दुखणं कमी होतं. त्याच वेळी ते हिस्टामिनची वाट अडवतं, म्हणून झोप येते. लाळग्रंथी, आतडी आणि मूत्राशय यांना मिळणारा एक इशाराही ते अडवतं, म्हणून तोंड कोरडं पडतं आणि पोट साफ होत नाही. फायदा आणि त्रास असे एकाच गोळीतून येतात.

उदाहरणादाखल एक पेशंट घेऊ. वय 58, मधुमेहाला बारा वर्षं झालेली. दिवसा पायांना मुंग्या, रात्री तळव्यांची आग, पांघरूणही सहन होत नाही. डॉक्टरांनी साखर, किडनी आणि इसीजी तपासला. काचबिंदू आहे का, फिट कधी आली होती का, दुसरी कुठली औषधं चालू आहेत, हेही विचारून घेतलं आणि रात्री 10 मिलिग्रॅमची एक गोळी दिली.

पहिल्याच रात्री बाईंना गाढ झोप लागली. सकाळी मात्र डोकं जड, पाय लटपटते, दहा वाजेपर्यंत धड सुधरेना. कारण साधं होतं. गोळी घेतली अकरा वाजता. हे औषध रक्तात चढायला काही तास लागतात आणि त्यातलं निम्मं बाहेर पडायला साधारण 10 ते 28 तास. म्हणजे भल्या पहाटे तिचा जोर ऐन भरात होता. डॉक्टरांनी डोस तोच ठेवून वेळ तेवढी बदलली आणि संध्याकाळी साडेसातला घ्यायला सांगितलं. दोन-तीन दिवसांत सकाळ बरीच मोकळी झाली. उरलेली गुंगी बहुतेकांना आठवड्या-दोन आठवड्यांत कमी होते. तोवर दुचाकी चालवायची नाही, आणि रात्री लघवीला उठताना आधी पलंगावर क्षणभर बसायचं, मग उभं राहायचं. हे औषध उभं राहताना रक्तदाब खाली आणतं आणि वयस्कर माणसं नेमकी इथेच पडतात.

आठवड्याने डोस 20 मिलिग्रॅम झाला. आता जीभ टाळूला चिकटू लागली, कोरडी पोळी घशाखाली उतरेना. बाईंनी लिमलेटच्या गोळ्या चघळायला घेतल्या. मधुमेही माणसाने करू नये ते हेच, कारण लाळ कमी असताना साखर दातांवर राहते आणि दात किडतात. पाण्याचे छोटे घोट, बिनसाखरेचं च्युइंगम, जेवणात पातळ आमटी किंवा ताक, आणि रात्री झोपण्याआधी न चुकता ब्रश, एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. लघवी अडली, डोळा दुखून दिसायला धूसर झालं, किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर मात्र घरगुती उपाय करत बसू नये. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांनी, काचबिंदू असणाऱ्यांनी आणि नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी हे आधीच डॉक्टरांना सांगायला हवं.

झोप पहिल्या रात्री आली, पण आग चौथ्या आठवड्यानंतर हळूहळू कमी झाली. पूर्ण गेली नाही. मध्यरात्री उठून पाय गार फरशीवर टेकवायची वेळ मात्र आता येत नव्हती. या औषधाकडून साधारण एवढीच अपेक्षा ठेवावी. ते सगळ्यांना लागूही पडत नाही. योग्य डोसवर सहा-आठ आठवडे देऊनही फरक नसेल, तर डॉक्टर ते हळूहळू कमी करून थांबवतात. स्वतःहून एकदम बंद केलं तर मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थता होते.

आणखी एक घोळ आपल्याकडे वारंवार होतो. नसांच्या दुखण्यावर प्रीगॅबालिन आणि नॉरट्रिप्टिलीन एकत्र असलेल्या गोळ्या सर्रास लिहिल्या जातात. नॉरट्रिप्टिलीन हे अमिट्रिप्टिलीनचंच भावंड, शरीरात अमिट्रिप्टिलीनपासूनच तयार होणारं. एका डॉक्टरची ही गोळी आणि दुसऱ्याची ती, असं झालं की नकळत डोस दुप्पट होतो. ट्रामाडॉल, नैराश्यावरची काही औषधं, झोप आणणारी सर्दीची गोळी आणि दारू यांच्याबरोबरही हे औषध जमत नाही. म्हणून सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवाव्यात.

शेवटचा मुद्दा सगळ्यात गंभीर आहे. जास्त प्रमाणात पोटात गेलं तर हेच औषध हृदयाच्या स्नायूतले सोडियमचे मार्ग बंद करतं. ठोक्यांची लय बिघडते, रक्तदाब कोसळतो, फिट येतात. दहा किलोच्या मुलाने 10 मिलिग्रॅमच्या पाचहून अधिक गोळ्या गिळल्या, तर ते थेट हॉस्पिटलला न्यायचं प्रकरण असतं. रंगीत कोटिंगची गोळी मुलांना चॉकलेटसारखी दिसते. सुरुवातीला मूल नुसतं पेंगुळलेलं वाटतं, बाहुल्या मोठ्या होतात, अंग कोरडं आणि लालसर पडतं. तासा-दोन तासांत ते बेशुद्ध होऊ शकतं. म्हणून "बघू, झोपून उठेल" असं म्हणत थांबू नये. ओकारी काढू नये, मीठ-पाणी पाजू नये. 108ला फोन करावा आणि रिकामी पट्टी बरोबर न्यावी, म्हणजे किती गोळ्या गेल्या याचा अंदाज येतो. तिथे निदान सहा तास इसीजीवर लक्ष ठेवतात आणि लय बिघडली तर शिरेतून सोडियम बायकार्बोनेट देतात. विष उतरवणारी एखादी खास लस यावर नाही, वेळेत पोचणं हाच उपाय.

त्यामुळे पट्टी फ्रिजवर किंवा उशीखाली न ठेवता कुलपात ठेवावी. घरात कुणी खचलेलं असेल, जगण्याला कंटाळल्याचं बोलत असेल, तर डॉक्टरांना ते आधी सांगावं. ते एका वेळी थोड्याच गोळ्या लिहून देतील, आणि किल्ली दुसऱ्याने सांभाळावी. मन मोकळं करायला टेलिमानसचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं. गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. दुखणं वाढलं म्हणून स्वतःच्या मनाने एक जास्तही घेऊ नये. डोस वाढवायचा की नाही, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांनाच ठरवू द्यावं.