लिमिट चाळीस लाखांची, उचल एकतीसची

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतला एखादा मशीन शॉप डोळ्यांसमोर आणावा. फाउंड्रीतून कास्टिंग यायचे, व्हीएमसीवर घासून, भोके पाडून, मापात बसवून ते पुण्याच्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीला पाठवायचे. कास्टिंग १५ दिवस गोदामात पडते, मशीनवर आणि तपासणीत १२ दिवस जातात, गाडी भरेपर्यंत तयार माल ८ दिवस थांबतो आणि बिलाचे पैसे यायला ७५ दिवस लागतात. एकूण ११० दिवस झाले. फाउंड्रीवाला २० दिवसांची उधारी देतो, ती वजा केली तरी ९० दिवस उरतात. या काळात कामगारांचा पगार, विजेचे बिल, टूलचा खर्च आणि पुढच्या कास्टिंगची किंमत कारखानदाराला खिशातून भागवावी लागते. खेळते भांडवल लागते ते या ९० दिवसांसाठी.

बँका यासाठी कॅश क्रेडिट, म्हणजे सीसी खाते देतात. मुदतीच्या कर्जासारखी रक्कम एकदम हातात पडत नाही. ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तेव्हा उचलायचे, गिऱ्हाइकाचे पैसे आले की भरायचे आणि जेवढे वापरले तेवढ्यावरच व्याज द्यायचे. ४० लाखांच्या लिमिटपैकी वर्षभर सरासरी २८ लाख वापरात राहिले आणि दर १० टक्के असला, तर व्याज २ लाख ८० हजारांच्या आसपास येते.

ही मर्यादा किती असावी, याचे लहान उद्योगांसाठीचे गणित नायक समितीच्या शिफारशींवरून आले. १९९१ साली रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या या समितीचे सूत्र असे: येत्या वर्षाच्या अपेक्षित उलाढालीच्या २५ टक्के इतके खेळते भांडवल लागते असे धरायचे, त्यातले किमान २० टक्के बँकेने द्यायचे आणि ५ टक्के उद्योजकाने स्वतः घालायचे. ५ कोटींपर्यंतच्या लिमिटसाठी बँका आजही हे सूत्र वापरतात. आपल्या मशीन शॉपची गेल्या वर्षीची विक्री १ कोटी ६० लाख असेल आणि हातातल्या ऑर्डरींवरून यंदा २ कोटी होईल असा अंदाज असेल, तर गरज ५० लाखांची, बँकेचा वाटा ४० लाखांचा आणि मालकाचा १० लाखांचा.

२५ टक्के म्हणजे वर्षाचा चौथा भाग, तीन महिने. माल घेण्यापासून पैसे हातात येईपर्यंतचे चक्र तीन महिन्यांचे आहे असे हे सूत्र गृहीत धरते. शिरोलीच्या या कारखान्याला ते बरोबर बसते. पण कंपनीने पैसे ७५ ऐवजी १२० दिवसांनी दिले, तर चक्र १३५ दिवसांचे होते आणि तेवढ्याच विक्रीला ढोबळमानाने ७४ लाख अडकतात. अशा वेळी सूत्रावर समाधान मानू नये. स्वतःच्या चक्राचा तक्ता सीएकडून करून घ्यावा आणि त्याप्रमाणे लिमिट मागावी, कारण २० टक्के ही किमान रक्कम आहे.

अंदाज मात्र पटणारा हवा. ब्रँच मॅनेजर तो जीएसटीच्या विवरणपत्रांशी आणि मागच्या ताळेबंदाशी ताडून पाहतो. १ कोटी ६० लाखांवरून एकदम ४ कोटींचा आकडा लिहून दिला आणि सोबत एकही ऑर्डर नसली, तर फाइल तिथेच अडते.

आता तारणाचा प्रश्न. बहुतेकांना वाटते की राहते घर गहाण ठेवल्याशिवाय एवढी रक्कम मिळणार नाही. सूक्ष्म व लघु उद्योगांकडून ठरावीक रकमेपर्यंतच्या कर्जाला बँकांनी तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. त्यापुढच्या रकमेसाठी सीजीटीएमएसई हा हमी ट्रस्ट आहे. केंद्र सरकार आणि सिडबीने तो २००० साली उभारला. त्याच्या हमीची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून १० कोटींपर्यंत गेली आहे. उद्यम नोंदणी असली की बँक ही हमी घेऊ शकते. १० ते ५० लाखांच्या कर्जाला हमीचे शुल्क वर्षाला साधारण अर्धा टक्का पडते. ते बहुधा कर्जदाराकडूनच वसूल होते, म्हणजे ४० लाखांमागे वीस-बावीस हजार. घराचे कागद बँकेत न ठेवण्यासाठी एवढा खर्च परवडण्यासारखा आहे.

इथे एक गैरसमज महागात पडतो. ही हमी बँकेला मिळते, कर्जदाराला नाही. खाते बुडाले तर ट्रस्ट बँकेच्या नुकसानीचा बराचसा भाग भरून देतो, पण कर्जदाराचे देणे एका रुपयानेही कमी होत नाही. ट्रस्टकडे दावा करण्याआधी बँकेला वसुलीची कायदेशीर कारवाई सुरू करावीच लागते. शिवाय विनातारण म्हणजे काहीच बांधलेले नाही असेही नाही. गोदामातला माल आणि येणी बँकेकडे नजरगहाण असतात, मालकाची वैयक्तिक हमीही असते.

लिमिट मंजूर झाली म्हणजे सगळी वापरता येते असेही नाही, आणि नवखा कारखानदार इथेच अडचणीत येतो. दर महिन्याला बँकेला स्टॉक स्टेटमेंट द्यावे लागते. त्यावरून बँक उचलीची मर्यादा काढते. तिला सगळे डीपी म्हणतात. एखाद्या महिनाअखेरीस माल २२ लाखांचा आहे, पण त्यातल्या ९ लाखांचे पैसे फाउंड्रीला अजून द्यायचे आहेत. तो माल उधारीचा, म्हणून बँक १३ लाखच धरते आणि २५ टक्के मार्जिन कापून ९ लाख ७५ हजार मोजते. येणी ३४ लाखांची, पण त्यातली ६ लाखांची बिले ९० दिवसांपलीकडे गेली आहेत. ती बाद. उरलेल्या २८ लाखांतून मार्जिन कापले की २१ लाख. डीपी झाला ३० लाख ७५ हजार.

खात्यातून आधीच ३६ लाख उचललेले असतील, तर सव्वापाच लाख जास्त वापरलेले आहेत. "साहेब, लिमिट चाळीसची आहे, मग चेक परत का गेला?" हा प्रश्न इथून येतो. खाते सलग ९० दिवस मर्यादेबाहेर राहिले की ते एनपीए होते. स्टेटमेंट द्यायला तीन महिन्यांहून उशीर झाला तरी त्यावरची उचल अनियमित ठरते.

दुसरी ठेच म्हणजे सीसीच्या पैशातून मशीन घेणे. १२ लाखांचे जुने व्हीएमसी स्वस्तात मिळाले म्हणून खात्यातूनच पैसे दिले, तर ती रक्कम फिरून यायला काही वर्षे लागतात. याची खूण खाते उताऱ्यातच दिसते: शिल्लक लिमिटला चिकटून राहते, पैसे जमा झाले की दुसऱ्याच दिवशी निघून जातात. मशीनला मुदतीचे वेगळे कर्ज घ्यावे.

अडलेली बिले सोडवायला ट्रेड्स ही सोय आहे. या ऑनलाइन मंचावर कारखानदार बिल चढवतो, खरेदीदार कंपनी ते मान्य करते आणि बँका त्यावर बोली लावून पैसे देतात. तारण लागत नाही. कंपनीने पुढे पैसे बुडवले तरी वसुली कारखानदाराकडून होत नाही. २५० कोटींहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना या मंचावर नोंदणी सक्तीची आहे, त्यामुळे पुण्याच्या त्या कंपनीला खरेदी विभागात जाऊन विचारायला हरकत नाही. मात्र ट्रेड्सवर विकलेले बिल त्याच महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटमधल्या येण्यांतून काढून टाकावे लागते. एकाच बिलावर दोन ठिकाणी पैसे उचललेले बँकेच्या तपासणीत दिसले, तर लिमिटच्या नूतनीकरणाच्या वेळी तोच मुद्दा पहिल्यांदा पुढे येतो.