सगळं अडतं ते एका प्रथिनापाशी

मेंदूपर्यंत पोहोचलेल्या सिफिलिसवर शंभर वर्षांपूर्वी खात्रीचं औषध नव्हतं. तेव्हा अशा रुग्णाला मुद्दाम हिवताप देत असत. तीव्र तापाने सिफिलिसचे जंतू मरतात, हा त्यामागचा विचार. व्हिएन्नाच्या वागनर-याउरेग यांना १९२७ साली याच उपचारासाठी नोबेल मिळालं. बहुतेकदा हिवतापाचा व्हायवॅक्स हा प्रकार वापरला जाई, कारण तो फाल्सिपेरमइतका जीवघेणा नसतो. अमेरिकेतल्या डॉक्टरांना मात्र एक विचित्र गोष्ट दिसू लागली. आफ्रिकी वंशाच्या बहुतेक रुग्णांना व्हायवॅक्स टोचूनही ताप चढत नसे. फाल्सिपेरम टोचला, की चढे.

उत्तर हाती यायला जवळपास पन्नास वर्षं गेली. ते सापडलं रक्तातल्या अवघ्या काही सेकंदांच्या एका घडामोडीत.

डासाने सोडलेले परोपजीवी आधी यकृतात वाढतात आणि तिथून मेरोझोइट या रूपात रक्तात उतरतात. मेरोझोइट साधारण एक-दोन मायक्रॉन लांबीचा, एका टोकाला निमुळता. त्याला तांबड्या पेशीत शिरायचं असतं. पांढऱ्या पेशींपैकी काही समोर आलेलं गिळून टाकतात, पण तांबडी पेशी काहीच गिळत नाही. त्यामुळे आत जाण्याची सारी खटपट मेरोझोइटलाच करावी लागते. तो आधी पेशीला कुठूनही चिकटतो, मग वळून निमुळतं टोक तिच्यावर टेकवतो. त्या टोकात सूक्ष्म पिशव्या असतात. त्यांतून प्रथिनं बाहेर पडतात आणि मेरोझोइट व पेशी यांच्यात एक घट्ट सांधा जुळतो. सैल फुग्यात बोट दाबलं की फुगा बोटाभोवती आत वळतो, तसं पेशीचं आवरण त्याच्याभोवती आत वळत जातं. मेरोझोइट स्वतःच्या बळावर पुढे सरकतो, सांधा कडीसारखा मागे मागे जातो आणि शेवटी आवरण पाठीमागे मिटतं. अर्ध्या मिनिटात तो आत असतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले लुई मिलर हा प्रवेश सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळत होते. व्हायवॅक्स प्रयोगशाळेत वाढवणं फार अवघड, म्हणून त्यांनी माकडांमधला त्याचा जवळचा भाऊबंद, नोलेसी, वापरला. निरनिराळ्या रक्तगटांच्या पेशी त्याच्यापुढे ठेवल्या. बहुतेक पेशींत तो शिरला. ‘डफी’ या रक्तगटाचं प्रथिन ज्यांच्यावर मुळीच नव्हतं, त्या पेशींत मात्र शिरू शकला नाही. उलट पडताळाही झाला. डफी असलेल्या पेशींवरून एका विकराने ते प्रथिन छाटलं, तर त्या पेशीही दाद देईनाशा झाल्या. हा निष्कर्ष १९७५चा. पुढच्याच वर्षी व्हायवॅक्सबद्दल थेट माणसांतला पुरावा आला. व्हायवॅक्सधारी डासांचे चावे घेतलेल्या सतरा स्वयंसेवकांचे रक्तगट तपासले, तेव्हा रक्तात हिवताप न झालेले पाचच निघाले आणि ते पाचही जण डफी नसलेले होते.

मला यातलं सर्वांत बोलकं वाटतं ते नंतर दिसलेलं दृश्य. डफी नसलेल्या पेशीलाही नोलेसीचा मेरोझोइट चिकटतो, तिच्यावर टोकही टेकवतो. घट्ट सांधा तेवढा जुळत नाही. म्हणजे या माणसांचं शरीर रोगाशी लढून जिंकलेलं नसतं. परोपजीवीला जे धरायचं असतं, ते तिथे नसतंच.

बरं, या माणसांच्या शरीरात डफी कुठेच नसतं असंही नाही. त्यांच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर ते असतं. प्रथिनाचा जनुक शाबूत असतो. त्याच्या आधीच्या भागात, जिथून तांबड्या पेशींसाठी तो चालू होतो, तिथे डीएनएचं एकच अक्षर बदललेलं असतं. तेवढ्यानेच फक्त तांबड्या पेशी डफीविना तयार होतात. आईवडील दोघांकडून असा जनुक आलेले लोक पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत बहुसंख्य आहेत. आपल्याकडे जवळपास सगळ्यांच्या पेशींवर डफी आहे, म्हणून मुंबईत व्हायवॅक्सला आडकाठी नाही.

हे कवच अभेद्य मात्र नाही. मादागास्करमध्ये डफी नसलेल्यांनाही व्हायवॅक्सचा ताप आल्याचं २०१०मध्ये प्रसिद्ध झालं आणि नंतर आफ्रिकेत इतरत्रही तसे रुग्ण आढळले. त्यांच्या रक्तात परोपजीवी सहसा थोडेच असतात. म्हणून रक्तगट डफीरहित आहे एवढ्यावरून व्हायवॅक्स नाकारता येत नाही. थेंब तपासावाच लागतो.

परोपजीवीच्या बाजूने डफीला धरणारं प्रथिनही माहीत आहे. त्याचा नेमका कोणता भाग पकड घेतो, हे मुंबईच्या आयआयटीत शिकलेले चेतन चिटणीस यांनी मिलर यांच्यासोबत १९९४मध्ये दाखवलं. आता तोच भाग लस म्हणून टोचून पाहत आहेत. ऑक्सफर्डच्या चाचणीत, दोन मात्रांनंतर बऱ्याच अंतराने तिसरी दिलेल्या स्वयंसेवकांमध्ये, परोपजीवींच्या वाढीचा वेग सरासरी ५१ टक्क्यांनी घटला. वाढ मंदावली, थांबली नाही. हे प्रथिन मेरोझोइट जवळजवळ शेवटपर्यंत त्या पिशव्यांत दडवून ठेवतो, आणि ते उघडं पडल्यावर प्रतिपिंडांच्या हाती काही सेकंदच उरतात.