मराठी स्लाइडवर ५ की 5? एकदाच ठरवा, मग सगळीकडे तेच

पिच डेक असो, बचत गटाचा अहवाल असो की बँकेसमोरचं प्रेझेंटेशन, मराठी स्लाइडमध्ये हा घोटाळा हमखास दिसतो. मजकुरात ‘४८,५०० रुपये’, टेबलमध्ये 48,500 आणि चार्टवर तिसरंच काहीतरी. दिसायला वाईट दिसतं, हा मुद्दा लहान आहे. मोठा मुद्दा असा की आकडा चुकीचा वाचला जातो.

आपल्या ‘१४’ कडे जरा लांबून बघा. १ इंग्रजी 9 सारखा दिसतो आणि ४ इंग्रजी 8 सारखा. शेजारीच इंग्रजी आकडे असतील, तर घाईत वाचणाऱ्याला ₹१४ चा भाव ₹98 वाटू शकतो. पूर्ण पान देवनागरीत असलं की डोळा तयार असतो. मिसळ झाली की डोळा फसतो.

मग निवडायचं काय? समोर कोण बसणार ते बघा. गावातला बचत गट, मराठीत शिकलेले ग्राहक, ग्रामपंचायत असेल तर देवनागरी. समोरच्या माणसाला मराठी वाचायची सवय नसेल, किंवा तुमचे आकडे तो थेट स्वतःच्या शीटमध्ये टाइप करणार असेल, तर इंग्रजी. मराठी मजकुरात इंग्रजी आकडे वापरणं चूक नाही. अर्धे हे आणि अर्धे ते वापरणं चूक आहे.

याला अपवाद एकच. जे समोरच्याला जसंच्या तसं टाइप करायचं आहे, ते इंग्रजीतच ठेवा: मोबाइल नंबर, यूपीआय आयडी, खाते क्रमांक, आयएफएससी, जीएसटी नंबर. हे सगळं शेवटच्या ‘संपर्क’ स्लाइडवर एकत्र ठेवलं की बाकीचं डेक स्वच्छ राहतं.

आता देवनागरी निवडलं असं धरू आणि एक उदाहरण करू. घरगुती चिवड्याची विक्री आहे: एप्रिल ४८,५००, मे ५२,०००, जून ६१,५०० रुपये. बरेच जण एक्सेलमध्ये थेट ‘४८५००’ टाइप करतात. असं केलं की अनेकदा एक्सेल त्याला संख्या न समजता मजकूर समजतं. ओळखायचं कसं? आकडा सेलच्या डाव्या कडेला चिकटतो, `SUM` चं उत्तर ० येतं आणि चार्टमध्ये खांबच उभे राहत नाहीत.

म्हणून आकडे इंग्रजीतच टाइप करा, फक्त ‘दिसणं’ बदला. सेल निवडा, `Ctrl+1` दाबा, `Number` टॅबमध्ये `Custom` निवडा आणि `Type` मध्ये हे टाका:

```
[$-4000439]#,##0
```

आत 48500 च राहतं, पण दिसतं ४८,५००. बेरीज केली की १,६२,००० येते. ती १६२,००० अशी दिसली, तर विंडोजच्या `Region` सेटिंगमध्ये `Digit grouping` भारतीय पद्धतीचं करून घ्या.

चार्टमध्ये दोन जागा तपासायच्या: उभा अक्ष आणि खांबांवरची लेबलं. अक्षावर राइट क्लिक करून `Format Axis` मध्ये `Number` उघडा. `Linked to source` वर टिक असेल, तर सेलचा फॉरमॅट आपोआप येतो. नसेल, तर तोच कोड `Format Code` मध्ये टाकून `Add` दाबा. लेबलांसाठी `Format Data Labels` मध्ये हेच करा. अक्ष बदलतात आणि लेबलं विसरतात, म्हणून एकाच चार्टमध्ये दोन लिप्या दिसतात.

पॉवरपॉइंटच्या टेबलमध्ये मात्र असा नंबर फॉरमॅट नसतो, तिथे सगळा मजकूरच असतो. टेबल एक्सेलमध्ये फॉरमॅट करा आणि मग कॉपी करून स्लाइडवर आणा. हाताने पुन्हा टाइप केलंत की लिपीही चुकते आणि आकडाही.

वाक्यातले आकडे शेवटी लिहा, टेबल समोर ठेवून. ‘एप्रिलच्या तुलनेत जूनची विक्री सुमारे २७ टक्के वाढली’ असं लिहिलं, तर चार्टमध्येही २७ टक्केच हवं, 26.8% नको. लिपीसोबत पूर्णांकही सगळीकडे एकसारखा ठेवा.

सादरीकरणाच्या आदल्या दिवशी स्लाइड कागदावर छापा, हातात पेन घ्या आणि इंग्रजी दिसणाऱ्या प्रत्येक आकड्याभोवती गोल करा. स्लाइड क्रमांक आणि आपोआप येणारी तारीख इथे हमखास सापडतात. त्या नको असतील तर `Insert` मधल्या `Header & Footer` मधून बंद करा. संपर्काची स्लाइड सोडून बाकी कुठेही गोल उरला नाही, की तुमचं डेक तयार.