मायना, मजकूर आणि ता. क.

आईचा वाढदिवस उजाडतो आणि फोनमधल्या जुन्या फोटोंतून एक फोटो निवडला जातो. फोटो सापडायला पाच मिनिटंही लागत नाहीत. त्याखाली काय लिहायचं, इथे मात्र अंगठा थांबतो. मग बहुतेक वेळा ओळखीचेच शब्द हाताशी येतात: त्याग, कष्ट, दैवत, न फिटणारे ऋण. किंवा शाळेत पाठ केलेली एखादी कविता आठवते आणि तिच्या दोन ओळी फोटोखाली चिकटवल्या जातात.

त्या कवितांबद्दल एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. मराठीत आईवरच्या सर्वांत जास्त आठवल्या जाणाऱ्या कवितांपैकी दोन, कवी यशवंतांची ‘आई’ आणि माधव जूलियनांची ‘प्रेमस्वरूप आई’, या दोन्ही आई हयात नसलेल्या लेकराच्या हाका आहेत. त्यांतली आर्तता आई नसण्यातून आलेली आहे. सकाळी फोन करून “चहा झाला का?” विचारणाऱ्या आईच्या फोटोखाली त्या ओळी ठेवल्या की शोकाचा सूर आनंदाच्या दिवसावर येतो. कविता थोर आहेत, पण त्यांची जागा ही नव्हे.

आपल्याकडे याहून सोयीचा एक साचा पूर्वीपासून आहे, तो म्हणजे पत्राचा. मायना, मजकूर, खाली सही आणि काही राहून गेलंच तर ता. क., म्हणजे ताजा कलम. शिकायला गेलेली मुलं नि सासरी गेलेल्या मुली आईवडिलांना याच साच्यात लिहीत आल्या. पत्रलेखनाच्या जुन्या शिस्तीत स्वतःच्या आईवडिलांना ‘तीर्थरूप’ आणि काका-मामांसारख्या वडीलधाऱ्यांना ‘तीर्थस्वरूप’ लिहायचा दंडक होता. आज फोटोखाली ‘तीर्थरूप आईस, शि. सा. न.’ लिहिलं तर ते नाटकी वाटेल. पण मायन्यामागचं तत्त्व अजून खरं आहे: पत्र कुणाला लिहिलंय हे पहिल्याच शब्दात ठरतं आणि मग पुढचं प्रत्येक वाक्य त्याच माणसाशी बोलतं.

फोटोखालच्या मजकुरात नेमकं हेच सुटतं. सुरुवात “आई, तू...” अशी होते आणि तिसऱ्या वाक्यात “माझ्या आईने आम्हाला...” येतं. लिहिणाऱ्याचा चेहरा आईकडून वळून वाचणाऱ्या मित्रमंडळींकडे गेलेला असतो. आईला ते लगेच जाणवतं, कारण तिच्यासमोर तिच्याचबद्दल दुसऱ्या कुणाशी तरी बोलणं चाललेलं असतं. म्हणून ‘तू’ धरला तर सहीपर्यंत ‘तू’च. ज्या घरात आईला ‘अहो आई’ म्हणतात तिथे ‘तुम्ही’च. घरात जी हाक आहे, आई, मम्मी, माई, अक्का, तीच मायना म्हणून पुरेशी असते.

एक उदाहरण घेऊ. समजा, सांगली जिल्ह्यातल्या एका गावातली मुलगी बारा वर्षांपासून पुण्यात नोकरी करते. आई गावी असते आणि महिन्या-दोन महिन्यांनी एसटीने खाऊची पिशवी पाठवते. मुलगी स्वारगेटला जाऊन ती उतरवून घेते. आईचा वाढदिवस १ जूनला. तो खरा वाढदिवस नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. महाराष्ट्रात त्या पिढीतल्या असंख्य माणसांचा वाढदिवस १ जूनलाच येतो, कारण शाळेत नाव घालताना जन्मतारीख सांगता आली नाही की गुरुजी सोयीची म्हणून तीच तारीख लिहीत. घरच्यांच्या आठवणीत जन्माचा दिवस असायचा तो सणावाराच्या किंवा सुगीच्या खुणेने.

या मुलीने पहिल्या झटक्यात लिहिलं: “आई, तू माझं पहिलं दैवत आहेस. तुझ्या त्यागाला शब्द अपुरे आहेत. तू नसतीस तर मी काहीच नसते. जगातल्या सर्वोत्तम आईला वाढदिवसाच्या अनंत शुभेच्छा!”

यातला एकही शब्द खोटा नाही. तरीही मजकूर फिका आहे आणि ते तपासायची एक सोपी रीत आहे. हा मजकूर शेजारच्या काकूंच्या फोटोखाली ठेवून बघायचा. तिथे तो तितकाच चपखल बसला, तर तो या आईबद्दल नाही, आई नावाच्या पदाबद्दल आहे. गोडवा जास्त होतो तो याच ठिकाणी. माणूस दिसेनासं झालं की विशेषणं वाढतात. ‘सर्वोत्तम’ आणि ‘अनंत’ ही माणसाच्या रिकाम्या जागेत येऊन बसलेली विशेषणं आहेत. ‘त्याग’ तर आईलाच अवघडून टाकणारा शब्द आहे. आयुष्यभर जे केलं ते तिने त्याग म्हणून केलं नव्हतं आणि वाढदिवसाच्या दिवशी त्याचा हिशेब ऐकायचीही तिची इच्छा नसते.

आता दुसरा खर्डा. इथे “आई म्हणजे काय?” हा प्रश्न सोडून द्यायचा आणि विचारायचं, “आई गेल्या महिन्यात नेमकं काय करत होती? काय म्हणाली?” या मुलीला पहिल्यांदा आठवली ती पिशवीतली चिठ्ठी. दरवेळी डब्यांच्या वर वहीच्या फाडलेल्या कागदावर आईच्या तीन-चार ओळी असतात. सगळ्या सूचनाच. त्यात कुठे माया-प्रेमाचा शब्द नाही. म्हणजे पत्र लिहायची या घराची स्वतःची रीत आहे आणि लेकीने उत्तर द्यायचं ते त्याच रीतीने. आई चार ओळींत लिहिते, तिथे लेकीचं पानभर भरून आलेलं गद्य बेसूर लागेल.

बऱ्याच खाडाखोडीनंतर मजकूर असा झाला:

“आई,

आज १ जून. गुरुजींनी शाळेत घातलेली तुझी तारीख. खरा दिवस नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, असं आजी सांगायची. तेव्हा पुन्हा फोन करीन.

बारा वर्षं मी स्वारगेटला तुझी पिशवी घ्यायला जाते. वर चिठ्ठी असतेच. चटणी आधी संपव. लोणच्याला ओला चमचा लावू नकोस. डबे परत पाठव. पहिल्या वर्षी मला त्या चिठ्ठीचा राग यायचा. आता पिशवी उघडली की आधी चिठ्ठी वाचते, मग डबे उघडते.

पाऊस सुरू झाला की पिशवी घेऊन स्टँडवर तू जाऊ नकोस. दादाला पाठव.

वाढदिवसाच्या शुभेच्छा.

तुझी धाकटी

ता. क. चिठ्ठ्या टाकलेल्या नाहीत. सगळ्या आहेत.”

शेजारच्या काकूंच्या फोटोखाली हे बसणार नाही. ‘प्रेम’ हा शब्द यात एकदाही नाही, तरी ते कुठे आहे हे वाचणाऱ्याला शोधावं लागत नाही. सगळ्यात जास्त काम करतं ते रागाचं वाक्य. पहिल्या वर्षी राग यायचा, ही कबुली आली म्हणूनच पुढचं “आधी चिठ्ठी वाचते” पटतं. निव्वळ कौतुकाच्या मजकुरात असा खडा नसतो, म्हणून तो घशाखाली उतरतो आणि विसरला जातो. अर्थात हा खडा लहानच हवा. जुनं भांडण, पैशाची ओढाताण, भावाबहिणींतला दुजाभाव यांची जागा चारचौघांत लावलेल्या फोटोखाली नाही.

दादाला पाठवण्याची ओळही नीट पाहण्यासारखी आहे. आई थकत चालली आहे, हे मुलीला दिसतं आहे. “आता तू स्वतःची काळजी घे” हे वाक्य मात्र कुणीही कुणालाही म्हणतं. त्याऐवजी मुलीने आईसारखीच सूचना केली. आईचा आवाज आता लेकीच्या तोंडून येतो आणि तो ऐकून आई हसेल, असा भरवसा त्यात आहे. आईच्या गुडघ्यांचा किंवा औषधांचा उल्लेख पहिल्या खाडाखोडीत होता, तो तिने काढला, हेही बरंच झालं. आजारपण आईचं स्वतःचं आहे. ते गावभर कळवायचं की नाही, हे तिने ठरवायचं.

आणि ता. क. जुन्या पत्रांतही अनेकदा जीव तिथेच असे. सगळं लिहून झालं, सही झाली, मग कडेच्या मोकळ्या जागेत आडवं लिहिलेलं एक वाक्य. जे सांगायला अवघड वाटतं ते सहीनंतर सहज सांगता येतं. या मुलीने चिठ्ठ्यांची गोष्ट मजकुराच्या मध्यावर घातली असती, तर पुढे दोन वाक्यं समजावत बसावं लागलं असतं आणि तिथे साखर पडली असती. शेवटी दोन छोटी वाक्यं, आणि पुढे काही नाही. ‘जपून ठेवल्यात’ असं तिने आधी लिहिलं होतं. ‘टाकलेल्या नाहीत’ हे त्याहून कमी बोलतं आणि जास्त सांगतं.

लांबीचा मुद्दा थोडक्यात सांगता येईल. इन्स्टाग्रामवर फोटोखाली २२०० अक्षरं मावतात. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे संगणकाच्या हिशेबात सुटे मोजले जातात. ‘शुभेच्छा’ हा आपल्या डोळ्यांना तीन अक्षरांचा शब्द तिथे आठ चिन्हांचा होतो. तरीही वरचं पत्र त्या मर्यादेत आरामात बसतं. अडचण येते ती पहिल्या ओळींची, कारण बाकीचा मजकूर घडी करून लपवला जातो आणि वाचणाऱ्याला तो उलगडावा लागतो. सुरुवातीलाच केकची चित्रं, फुलं आणि ‘हॅपी बर्थडे’ची रांग लावली तर पत्र सुरू होण्याआधीच घडी पडते. “आई, आज १ जून. गुरुजींनी शाळेत घातलेली तुझी तारीख” एवढं दिसलं तर पुढे काय आहे, हे बघावंसं वाटतं. चित्रं हवीच असतील तर सहीनंतर एखादं.

लावण्याआधी मजकूर मोठ्याने वाचून बघावा, तोही आईशी फोनवर बोलतो त्या आवाजात. जिथे जीभ अडखळते, जिथे आवाज भाषणाचा होतो, तो शब्द घरातला नसतो. घरात ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ कुणी म्हणत नाही, ‘हार्दिक’ फलकावरून आलेला असतो. काही घरांत ‘शुभेच्छा’ही जड वाटतो, तिथे ‘खूप मोठी हो’ किंवा ‘अशीच खमकी राहा’ म्हणतात.

एक अडचण मात्र खरी आहे. या उदाहरणातली आई इन्स्टाग्रामवर नाही. तिच्याकडे साधा फोन आहे. पत्र तिच्या नावाने लिहिलेलं, वाचणार मात्र मुलीच्या ऑफिसातले लोक आणि गावातली दोन-तीन चुलत भावंडं. उद्या त्यांच्यातलं कुणीतरी आईला सांगेल, “तुझ्या चिठ्ठीचं पोरीने सगळ्यांना सांगितलं.” आई कदाचित खूश होईल, कदाचित संकोचेल. म्हणून पत्र आधी आईकडे गेलं पाहिजे. फोनवर वाचून दाखवावं आणि विचारावं, “हे लावू का?” ती “काहीतरीच तुझं” म्हणाली तर त्या म्हणण्याचा सूर लेकीला कळतो.

आणि स्वारगेटला जाणारा एक रिकामा डबा तर असतोच. आपल्याकडे दुसऱ्याचा डबा रिकामा परत देत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. तोच मजकूर वहीच्या कागदावर, आईला चष्म्याशिवाय वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरात लिहून, चार घड्या घालून साखरेच्या पुडीशेजारी ठेवायचा आणि झाकण घट्ट लावायचं.