एकत्रित ताळेबंद: ऐंशी टक्के मालकी, शंभर टक्के मालमत्ता

एका कंपनीने दुसरीचे बहुसंख्य शेअर विकत घेतले, तरी कायद्याच्या दृष्टीने दोन्ही कंपन्या स्वतंत्रच राहतात. प्रत्येकीचे हिशेब वेगळे, संचालक मंडळ वेगळे, कर वेगळा. घेणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या ताळेबंदात या व्यवहाराची नोंद एकाच ओळीत आटोपते, ती म्हणजे उपकंपनीतील गुंतवणूक आणि तिची रक्कम. त्या ओळीमागे कारखाना किती मोठा आहे, त्यावर कर्ज किती आहे, हे भागधारकाला त्यातून कळत नाही. म्हणूनच कंपनी कायदा २०१३च्या कलम १२९(३)नुसार उपकंपनी असलेल्या कंपनीला स्वतःच्या ताळेबंदासोबत एकत्रित ताळेबंदही मांडावा लागतो. त्यात सगळा समूह जणू एकच कंपनी आहे, असे धरून हिशेब केलेला असतो.

हे एकत्रीकरण म्हणजे नुसती बेरीज नव्हे. एक काल्पनिक व्यवहार घेऊन ते पाहता येईल. मुख्य कंपनीने १ एप्रिलला ४२० कोटी रुपये रोख देऊन एका कंपनीचे ८० टक्के शेअर घेतले. त्या दिवशी उपकंपनीचे भागभांडवल २०० कोटी आणि राखीव निधी १५० कोटी होता. म्हणजे पुस्तकी हिशेबाने तिची निव्वळ मालमत्ता ३५० कोटींची. पण तिची जमीन जुन्या खरेदीभावाने १०० कोटींना नोंदलेली होती आणि बाजारात तिची किंमत १५० कोटी होती. इंड एएस १०३ या मानकानुसार खरेदीच्या दिवशी उपकंपनीची मालमत्ता आणि देणी वाजवी मूल्याने मोजायची असतात. त्यामुळे निव्वळ मालमत्ता ४०० कोटींची झाली. (अशा वाढीव मूल्यावर स्थगित कराची देणीही उभी राहतात, येथे सोपेपणासाठी ती बाजूला ठेवली आहेत.)

आता उरलेले २० टक्के शेअर ज्यांच्याकडे राहिले, त्यांचा विचार. मुख्य कंपनीची मालकी ८० टक्के असली, तरी नियंत्रण पूर्ण असते; कारखान्याचा ऐंशी टक्के भाग चालवता येत नाही. म्हणून एकत्रित ताळेबंदात उपकंपनीची मालमत्ता आणि देणी शंभर टक्के घेतली जातात आणि बाहेरच्या भागधारकांचा वाटा समोरच्या बाजूला वेगळा दाखवला जातो. त्याला अनियंत्रक हितसंबंध म्हणतात. जुन्या परिभाषेत तो ‘मायनॉरिटी इंटरेस्ट’. हे कर्ज नसते, कारण या भागधारकांना कोणी पैसे परत करायचे नसतात. ती मालकीच असते, फक्त मुख्य कंपनीच्या भागधारकांची नव्हे. ४०० कोटींचा पाचवा हिस्सा धरला, तर हा वाटा ८० कोटींचा होतो.

गुडविलचा हिशेब यावरूनच निघतो. मुख्य कंपनीने दिलेले ४२० कोटी आणि बाहेरच्यांचा ८० कोटींचा वाटा मिळून ५०० कोटी होतात. त्यातून निव्वळ मालमत्तेचे ४०० कोटी वजा केले की उरतात १०० कोटी. एकेका वस्तूवर बोट ठेवून ही रक्कम कशासाठी दिली, ते सांगता येत नाही. कामगारांचे कसब, बसलेली घडी, दोन धंदे एकत्र आल्याने होणारी अपेक्षित बचत, असे सारे त्यात येते. थोडी हौसेने मोजलेली जास्तीची किंमतही त्यात दडलेली असू शकते आणि आकडा ती वेगळी करून दाखवत नाही.

गंमत अशी की हा आकडा एकमेव नसतो. मानकात दुसरा पर्यायही दिलेला आहे: बाहेरच्या भागधारकांचा वाटा थेट वाजवी मूल्याने मोजायचा. त्यांच्या शेअरांची बाजारातील किंमत ९५ कोटी असेल, तर गुडविल ११५ कोटी होते. ८० टक्क्यांना ४२० कोटी पडले म्हणून २० टक्क्यांना १०५ कोटी, असे त्रैराशिक येथे चालत नाही. मोठ्या हिश्शासाठी मोजलेल्या किमतीत नियंत्रणाचा मोबदलाही असतो. ज्या कंपन्यांना इंड एएस लागू नाही, त्या जुन्या एएस २१ नुसार पुस्तकी मूल्यावर हिशेब करतात. तेथे ३५० कोटींचे ८० टक्के म्हणजे २८० कोटी आणि गुडविल १४० कोटी. व्यवहार एकच, गुडविल तीन. दोन समूहांच्या गुडविलची तुलना करण्याआधी ते कोणत्या पद्धतीने काढले, हे टिपांमध्ये पाहावे लागते ते यामुळेच.

पहिल्या पद्धतीनेच पुढे जाऊन वर्षअखेरीचा ताळेबंद मांडता येईल. वर्षभरात उपकंपनीने ६० कोटी नफा कमावला आणि लाभांश वाटला नाही, म्हणून तिचा राखीव निधी २१० कोटी झाला. सर्वाधिक चुका येथे होतात. हे २१० कोटी किंवा त्याचे ८० टक्के समूहाच्या राखीव निधीत जात नाहीत. खरेदीच्या दिवसापर्यंतचे १५० कोटी मुख्य कंपनीने कमावलेले नाहीत. ते तिने किंमत देऊन घेतले आणि गुडविलच्या हिशेबात ते संपले. समूहाच्या वाट्याला येतो तो फक्त नंतरचा नफा, ६० कोटींचे ८० टक्के म्हणजे ४८ कोटी. उरलेले १२ कोटी बाहेरच्या भागधारकांचे. त्यांचा वाटा ८० वरून ९२ कोटींवर जातो.

३१ मार्चला मुख्य कंपनीकडे ७०० कोटींची स्थावर व यंत्रसामग्री, ४२० कोटींची ही गुंतवणूक आणि ३३० कोटींची चालू मालमत्ता आहे. समोरच्या बाजूला भागभांडवल ५०० कोटी, राखीव निधी ६०० कोटी आणि देणी ३५० कोटी. उपकंपनीकडे जमीन १०० कोटी, यंत्रे २५० कोटी, चालू मालमत्ता १६० कोटी आणि देणी १०० कोटी. त्यातले ३० कोटी ती मुख्य कंपनीलाच देणे लागते. समूह स्वतःचाच ऋणको असू शकत नाही, म्हणून हे ३० कोटी येण्यातून आणि देण्यातून, दोन्हीकडून वगळायचे.

एकत्रित ताळेबंदात मग ११०० कोटींची जमीन व यंत्रसामग्री येते (जमीन १५० कोटींनी धरून), १०० कोटींचे गुडविल आणि ४६० कोटींची चालू मालमत्ता. एकूण १६६० कोटी. दुसऱ्या बाजूला भागभांडवल ५००, राखीव निधी ६४८, अनियंत्रक हितसंबंध ९२ आणि देणी ४२० कोटी, बेरीज तीच. ४२० कोटींची गुंतवणूक आणि उपकंपनीचे २०० कोटींचे भागभांडवल या ताळेबंदात कुठेच दिसत नाही. भागभांडवलात ५०० ऐवजी ७०० दिसले, तर खुशाल समजावे की नुसती बेरीज झाली आहे. बेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर, असेही नाही: १५० कोटींचा जुना निधी राखीव निधीत घालून गुडविल तितकेच फुगवले, तरी दोन्ही बाजू जुळतात.

इंड एएसनुसार गुडविलवर दरवर्षी घसारा काढत नाहीत. त्याऐवजी वर्षातून किमान एकदा ते गुडविल ज्या धंद्याला जोडलेले आहे, त्यातून तेवढे मूल्य खरोखर वसूल होईल का, हे तपासतात. होणार नसेल तर फरक तोटा म्हणून दाखवावा लागतो आणि पुढे धंदा सावरला, तरी ती कपात परत फिरवता येत नाही. मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा स्टीलने २००७ मध्ये युरोपातील कोरस ही पोलाद कंपनी घेतली. पुढे युरोपातली पोलादाची मागणी मंदावल्यावर २०१३ मध्ये कंपनीने सुमारे १.६ अब्ज डॉलरची कपात जाहीर केली, ती मुख्यतः गुडविलमधली होती. अशा कपातीत रोख पैसा बाहेर जात नाही. तो खरेदीच्या वेळीच गेलेला असतो.

येथेही बाहेरच्या भागधारकांचा वाटा कसा मोजला, याला अर्थ आहे. वरच्या उदाहरणातील १०० कोटींचे गुडविल फक्त मुख्य कंपनीच्या हिश्शाचे आहे, त्यामुळे त्यातली कपात तिलाच सोसावी लागते. वाजवी मूल्याने काढलेल्या ११५ कोटींच्या गुडविलमध्ये सगळ्यांचा वाटा असतो. त्याची कपात नफ्याच्याच प्रमाणात, ८० आणि २० अशी वाटली जाते.