सहा आठवडे फक्त दंडांसाठी

वर्षभर नियमित जिम करूनही दंड तिथेच अडकले असतील, तर सगळ्याच व्यायामांत भर घालून उपयोग नसतो. शरीराची थकवा भरून काढण्याची ताकद मर्यादित असते. दंडांना जास्त द्यायचं तर इतरांचं कमी करावं लागतं.

समजा, एखादा तरुण आठवड्याला छाती, पाठ आणि पाय यांचे प्रत्येकी बारा-चौदा सेट मारतो, बायसेप्स-ट्रायसेप्सचे आठ-आठ. आता छाती, पाठ, पाय पाच-पाच सेटवर आणायचे. वजन मात्र पूर्वीचंच ठेवायचं. ते उतरवलं तर कमावलेलं टिकत नाही. कमावण्यापेक्षा टिकवायला फार कमी कष्ट लागतात, सगळी योजना त्यावरच उभी आहे.

दंडांचे सेट पहिल्या आठवड्यात दहा, मग हळूहळू पाचव्यापर्यंत सोळा, तीन दिवसांत वाटून आणि ताजेतवाने असताना सुरुवातीलाच. सहाव्यात पुन्हा निम्मे. दंडाचा मोठा भाग ट्रायसेप्सचा असतो, त्यामुळे नुसते कर्ल मारत बसणं हा वेडेपणाच. डोक्यामागे डंबेल नेऊन करायचं एक्स्टेन्शन हवंच.

घोटाळा बहुधा कोपरात होतो. बेंच प्रेसमध्ये ट्रायसेप्स, रोइंगमध्ये बायसेप्स राबतातच. स्नायू दुखणं चालेल. पण कोपराच्या हाडाजवळ टोचणारी, दुसऱ्या दिवशीही राहणारी कळ आली, तर तो व्यायाम बदला आणि सेट घटवा.

टेप सकाळी, व्यायामाआधी लावा. व्यायामानंतरची फुगलेली मापं धरू नका.