हिरवं पाणी आणि बाळाचं पहिलं मिनिट

"बाळाने पोटातच शी केलीय," असं सिस्टरने लेबर रूमच्या दारातून सांगितलं की बाहेर बसलेल्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "मग सिझर करणार का?" फक्त पाणी हिरवं दिसलं एवढ्यावरून सिझर करत नाहीत. शंभरातल्या दहा-पंधरा बाळंतपणांत पाणमोट फुटल्यावर पाणी हिरवट निघतं. त्यातली बहुतेक बाळं रडत, धडधाकट जन्माला येतात. साधारण पाच टक्के बाळांना मात्र पुढे श्वासाचा त्रास होतो, आणि त्यातल्या काहींचा आजार जिवावर बेततो.

बाळाची ही पहिली शी म्हणजे मेकोनियम. ती काळपट हिरवी, चिकट आणि जवळपास बिनवासाची असते. पोटात असताना बाळाने गिळलेलं गर्भजल, अंगावरची लव, आतड्याच्या झडलेल्या पेशी आणि पित्त यांची ती बनते. सहसा ती जन्मानंतर बाहेर पडते. दिवस पूर्ण भरलेल्या बाळाचं आतडं पक्व झालेलं असतं, त्यामुळे काही त्रास नसतानाही ते पोटात शी करू शकतं. म्हणूनच तारीख उलटून गेलेल्या बाळंतपणांत हिरवं पाणी जास्त दिसतं. दुसरं कारण काळजीचं असतं. वारेतून किंवा नाळेतून मिळणारा प्राणवायू कमी पडला की बाळाचं आतडं हलतं, गुदद्वार सैल होतं आणि शी पाण्यात मिसळते.

शी पोटात गेली तर फारसं बिघडत नाही. धोका असतो तो ती फुफ्फुसात गेली तर. प्राणवायूला आसुसलेलं बाळ आईच्या पोटातच मोठमोठे आचके देतं आणि त्याबरोबर हे पाणी श्वासनळीत खोल ओढलं जातं. चिकट कण बारीक श्वासनलिकांत अडकतात. हवा आत शिरते, पण पुरती बाहेर पडत नाही. फुफ्फुसाचा काही भाग फुगून राहतो, क्वचित फुटतो, तर काही भाग मिटून जातो. पित्तामुळे आतून दाह होतो. फुफ्फुसं उघडी ठेवणारा सर्फॅक्टंट हा द्रवही निकामी होतो. सगळ्यात अवघड प्रसंग येतो तो फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्या आकसल्या की. मग रक्त फुफ्फुसाकडे जातच नाही आणि प्राणवायू देऊनही बाळ निळंच राहतं.

समजा, पहिलटकरीण आहे, तारीख उलटून पाच दिवस झालेत. कळा सुरू आहेत, गर्भाशयाचं तोंड पाच सेंटीमीटर उघडलंय आणि पाणी फुटतं, फिकट हिरवं. सिस्टर प्रसूतीच्या आलेखावर 'एम' हे अक्षर लिहिते आणि कळ ओसरल्याबरोबर पूर्ण मिनिटभर बाळाचे ठोके ऐकते. ते मिनिटाला 110 ते 160 या दरम्यान असायला हवेत. 140 आहेत. आता ठोके आधीपेक्षा लवकर लवकर बघितले जातात, आणि मशीन असेल तर पट्टा बांधून सलग नोंद घेतली जाते. बालरोगतज्ज्ञांना निरोप जातो. वॉर्मर आधीच चालू केला जातो. बाळाला श्वास देण्याच्या पिशवीचा मास्क तळहातावर घट्ट टेकवून ती दाबून बघतात. हाताला दाब जाणवला आणि सुरक्षा झडप उघडली, म्हणजे पिशवी ठीक आहे. ही तपासणी अगोदरच उरकावी लागते, बाळ आल्यावर तेवढी सवड नसते.

दोन तासांनी पाणी घोटलेल्या पालकाच्या भाजीइतकं दाट होतं. प्रत्येक कळेनंतर ठोके नव्वदपर्यंत घसरतात आणि सावकाश वर येतात. चित्र बदलतं ते इथे, कारण दाट पाणी आणि मंदावणारे ठोके एकत्र आले की वाट बघत बसता येत नाही. कळांचं औषध चालू असेल तर थांबवतात, आईला डाव्या कुशीवर वळवतात. तोंड पूर्ण उघडलेलं नसतं तर इथे सिझरचा निर्णय झाला असता. या बाईचं पूर्ण उघडलंय, डोकं खाली आलंय, म्हणून डॉक्टर व्हॅक्यूम लावून बाळंतपण करतात.

पूर्वी डोकं बाहेर आलं की खांदे यायच्या आधीच नाका-तोंडातून नळीने घाण ओढून घेत. 1970च्या दशकापासून हे जवळपास सगळीकडे चालू होतं आणि ऐकायला पटतंही. पण अर्जेंटिना आणि अमेरिकेतल्या रुग्णालयांत अडीच हजारांहून अधिक बाळांवर ही पद्धत तपासली गेली. 2004 साली निष्कर्ष छापून आले, त्यात काहीच फायदा दिसला नाही. बरंचसं मेकोनियम आत गेलेलं असतं ते बाळ पोटात असतानाच. म्हणून आता डोकं आल्यावर थांबून नळी घालत नाहीत.

बाळ बाहेर आल्यावर रडतंय का आणि हातपाय घट्ट आखडलेले आहेत का, एवढंच आधी बघतात. दोन्हींचं उत्तर हो असेल तर पाणी कितीही हिरवं असो, बाळ पुसून आईच्या छातीवर ठेवतात आणि नाळ निदान मिनिटभर थांबून कापतात.

आपल्या उदाहरणातलं बाळ लुळं आहे, श्वास नाही. नाळ लगेच कापून त्याला वॉर्मरवर घेतात. मान किंचित मागे, तोंडात दिसणारी घाण आधी, मग नाक साफ. अंग पुसायचं, पाठ चोळायची. तरी श्वास नसेल तर साठ सेकंदांच्या आत मास्क लावून पिशवी दाबायला सुरुवात करायची, मिनिटाला 40 ते 60 वेळा, साध्या हवेनेच. छाती वरखाली होतेय का, यावर सगळी नजर असते.

2015पर्यंत अशा लुळ्या बाळाच्या श्वासनळीत आधी नळी घालून मेकोनियम ओढून घ्यायचे आणि मगच श्वास द्यायचे. हा नियम बदलण्यात भारतातल्या डॉक्टरांचा वाटा मोठा आहे, आणि तो आपल्याकडे माहीत असायला हवा. पुद्दुचेरीत 122 लुळ्या बाळांचे दोन गट करून एका गटाला नळी घातली, दुसऱ्याला नाही. आजारी पडण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच राहिलं. नंतर दिल्लीतूनही असाच निष्कर्ष आला. हे अभ्यास लहान आहेत, म्हणून नळीवर पूर्ण फुली मारलेली नाही. मास्क नीट बसवला, मान सरळ केली, तोंड पुन्हा साफ केलं, दाब वाढवला आणि तरीही छाती हलत नसेल, तर मार्ग बंद आहे असं समजून श्वासनळीतली घाण काढतात. मात्र त्यासाठी पहिला श्वास लांबवत नाहीत.

पंधरा-वीस वेळा पिशवी दाबल्यावर या बाळाचे ठोके शंभराच्या वर जातात आणि दुसऱ्या मिनिटाला ते रडतं. त्याची नखं आणि नाळ पिवळट हिरवी दिसतायत, म्हणजे मेकोनियम पाण्यात काही तास तरी होतं. अशा बाळावर पुढचे काही तास नीट लक्ष ठेवावं लागतं. आजाराची खूण जन्मतःच किंवा पहिल्या काही तासांत दिसते. श्वास मिनिटाला साठच्या वर, नाकपुड्या फुललेल्या, बरगड्यांखालची जागा आत ओढली जाणं, श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज, जीभ-ओठ निळे, यातलं काहीही दिसलं तर आईने किंवा आजीने लगेच सिस्टरला बोलवावं. मग एक्स-रे आणि प्राणवायू. गरज पडली तर नाकातून सतत दाबाने हवा देणं, सर्फॅक्टंट आणि व्हेंटिलेटर.

धडधाकट बाळाचं पोट धुण्याचा आग्रह अजून काही ठिकाणी धरला जातो. त्याची सरसकट गरज नाही. अशा बाळाला पहिल्या तासातच अंगावर पाजायला घ्यावं.